शेअरच्या अ‍ॅपची टुणटुण आणि नवख्याचे नको तितके सौदे

सांजवात

मंडळी, गेल्या दिवाळीत डीमॅट उघडलं. बेत साधा होता. इंडेक्स फंडाची एक एसआयपी, आणि वर्षातून चार-पाच चांगले शेअर घेऊन विसरून जायचं. शाळेत शिकवते, त्यामुळे मधली सुट्टी सोडली तर दिवसा फोन हातात नसतो. पण अ‍ॅपला माझा बेत मंजूर दिसत नाही. कालचे निरोप बघा.

सकाळी ९.०५ : बाजार उघडतोय, तुमची वॉचलिस्ट तयार आहे ना?
११.४० : तुमच्या यादीतला अमुक शेअर ४ टक्के वर! आत्ता बघा.
३.०० : शेवटचा अर्धा तास, आजचे टॉप गेनर.
रात्री ८.३० : तुमच्यासारख्या गुंतवणूकदारांनी आज काय घेतलं?

यातल्या एका निरोपावर बोट ठेवलं, तर थेट शेअरचं पान उघडलं. खाली भलंमोठं हिरवं बटण. ऑर्डरच्या पानावर ‘इंट्राडे’, म्हणजे घेतलं ते त्याच दिवशी विकायचं, आधीच निवडलेलं, आणि शेजारी ‘५ पट’ अशी चिठ्ठी. मला डिलिव्हरी, म्हणजे शेअर खात्यात ठेवायला, हवी होती, ती शोधून निवडावी लागली.

हे सगळं मुद्दाम असतं का? आणि माझ्यासारखीने अ‍ॅप कसं लावून ठेवावं म्हणजे उगाच सौदे होणार नाहीत? कोणता शेअर घ्यावा हे विचारत नाहीये, कृपया टिप्स नकोत.

बोरीवली_फास्ट

ताई, सावध राहा. आमच्या साडूंना व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून असंच एक अ‍ॅप घ्यायला लावलं. आत नफा दिसायचा, काढायला गेले की ‘आधी कर भरा’. लगेच १९३० वर फोन करा आणि पैसे अडकायच्या आत काढून घ्या.

सांजवात

अहो दादा, माझं तसलं नाही. सेबीकडे नोंदलेला दलाल आहे, पैसे काढले की दुसऱ्या दिवशी बँकेत येतात. तक्रार फसवणुकीची नाही, टुणटुणीची आहे. साडूंचं वाचून वाईट वाटलं.

फोर्टचा_कारकून

फोर्टमधल्या एका दलाली पेढीच्या बॅक ऑफिसात आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. मुद्दाम आहे का, तर हो. पण त्यात कुणाचा दुष्टावा शोधू नका, पैसा कशातून येतो तेवढं बघा.

आमच्या वेळी दलाली सौद्याच्या रकमेवर टक्क्याने असे. आता बहुतेक अ‍ॅप डिलिव्हरीवर काही घेत नाहीत किंवा नाममात्र घेतात, आणि इंट्राडे व ऑप्शनवर ऑर्डरमागे वीस रुपयांच्या आसपास घेतात. म्हणजे तुम्ही शेअर घेऊन पाच वर्षं गप्प बसलात तर तुमच्याकडून जवळजवळ काहीच मिळत नाही. दिवसातून दहा ऑर्डर टाकणारा पोरगा तुमच्यासारख्या शंभरांचा खर्च भरून काढतो. म्हणून तुम्हाला इंट्राडे आधी निवडून मिळतं.

दुसरी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. एनएसई दर महिन्याला दलालांच्या सक्रिय ग्राहकांचे आकडे देते. सक्रिय कोण? मागच्या बारा महिन्यांत निदान एकदा सौदा केलेला. मोठा दलाल कोण, धाकटा कोण, हे वर्तमानपत्रं त्या आकड्यावरून ठरवतात. त्यामुळे झोपलेल्या ग्राहकाला हलवून एखादी तरी ऑर्डर टाकायला लावणं हे कुणाचं तरी पगारी काम असतं.

पडद्यामागची

त्या पगारी लोकांपैकी मी एक. कुठे ते सांगणार नाही.

काकांचं बरोबर आहे, पण आतून ते इतकं ठरवून केलेलं वाटत नाही. ‘लोकांना जुगारी करा’ असं मीटिंगमध्ये कुणी म्हणत नाही. एकाच निरोपाचे दोन मजकूर करायचे, अर्ध्या लोकांना एक, उरलेल्यांना दुसरा. ज्याने जास्त लोक अ‍ॅपमध्ये आले तो ठेवायचा. पुढच्या आठवड्यात त्याच्यासमोर तिसरा. असं वर्षभर केलं की जो मजकूर उरतो तो आपोआप घाई करणारा असतो. ‘आत्ता’, ‘शेवटचा’, ‘तुमच्या यादीतला’ हे शब्द गाळणीतून गळून उरलेले आहेत. लोक आत आले का हे मोजलं जातं. त्यांचं पुढे भलं झालं का, हे मोजायला वर्षं लागतात. तेवढा धीर कुणाच्या तिमाही उद्दिष्टात नसतो.

सांजवात, तुमच्या यादीतले चार निरोप वेगवेगळ्या जातीचे आहेत. ११.४० चा सगळ्यात जोरदार, कारण तो शेअर तुम्हीच यादीत टाकलेला. तुमचीच उत्सुकता तुम्हाला परत पाठवली जाते. रात्रीचा दिसायला गरीब, पण सकाळच्या ऑर्डरची तयारी तोच करतो.

तर्कटराव

मला हा सगळा कांगावा वाटतो. किराणा दुकानात गल्ल्याजवळ चॉकलेटं ठेवतात म्हणून दुकानदाराला कुणी दोष देत नाही. नको असेल तर घेऊ नका. शिवाय डिलिव्हरी फुकट आहे, दहा वेळा घेतलं-विकलं तरी दलाली शून्य. आणि इंट्राडेला स्टॉपलॉस लावला की नुकसान मर्यादित. शिस्त नसेल तर कोणतंही अ‍ॅप वाचवू शकत नाही.

फोर्टचा_कारकून

तर्कटराव, शिस्तीचं मान्य. बाकीच्याचा हिशेब करू.

समजा सांजवातबाईंनी ५,००० चा शेअर डिलिव्हरीत घेतला आणि आठवड्याने त्याच भावाला विकला. दलाली शून्य धरा. एसटीटी, म्हणजे सौद्यावरचा सरकारी कर, घेताना ०.१ टक्का, विकताना ०.१ टक्का, म्हणजे १० रुपये. स्टँप ड्यूटी एक रुपयाच्या आत, एक्स्चेंजचे काही पैसे. आणि विकल्या दिवशी त्या शेअरमागे डीपी चार्ज, म्हणजे डीमॅटमधून शेअर काढण्याचं शुल्क, साधारण पंधरा-वीस रुपये. तो रकमेवर नसतो, ५०० चे विका की ५०,००० चे, तेवढाच. बेरीज २८ च्या आसपास, म्हणजे अर्ध्या टक्क्याहून जास्त गेला आणि भाव तर हललाही नव्हता. छोट्या रकमेचा माणूस ‘फुकट’ समजून वारंवार विकतो तेव्हा हा डीपी चार्जच त्याला खातो.

आता इंट्राडे. एका ओळखीच्या मुलाच्या खात्यासारखा नमुना घेतो. खात्यात ४०,०००, एका वेळी ३०,००० चा सौदा, ऑर्डरमागे २० रुपये. घेणं आणि विकणं मिळून दलाली ४०. विक्रीवर एसटीटी ०.०२५ टक्के, ७.५०. एक्स्चेंज, सेबी आणि स्टँप मिळून पावणेतीन. दलाली आणि एक्स्चेंजच्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, साडेसात. एकूण ५८ धरा. एवढ्याने काही बिघडत नाही. पण दिवसाला असे चार सौदे आणि महिन्याचे वीस दिवस धरले तर ४,६४० झाले. ४०,००० वर महिन्याला साडेअकरा टक्के. बाजारात एक पैसा न हरता! त्या मुलाने फक्त जागेवर राहायचं म्हटलं तरी महिन्याला साडेअकरा टक्के कमवावे लागतील.

स्टॉपलॉस यात काही करू शकत नाही. उलट तो लागला की सौदा संपतो, पैसे मोकळे होतात आणि हात शिवशिवतो. एका सौद्यातलं नुकसान तो आवरतो, दिवसातले सौदे किती हे नाही.

हे सगळं कॉन्ट्रॅक्ट नोटवर लिहिलेलं असतं. सौदा झाला की त्याच दिवशी ईमेलने पीडीएफ येते. पासवर्ड बहुधा पॅन, म्हणून आळसाने कुणी उघडत नाही. अ‍ॅपच्या पहिल्या पानावर जो हिरवा आकडा नाचतो, त्यात हे खर्च बहुतेक ठिकाणी धरलेले नसतात. ‘आज १४० नफा’ दिसतो आणि खरे हातात ८२ पडतात.

तर्कटराव

डीपी चार्जचं लक्षात नव्हतं, मान्य. पण मूळ मुद्दा सोडत नाही. खर्च माहीत असूनही करणारा करणारच.

एडिसनकर

न्यू जर्सीहून. इथे रॉबिनहूडने सौदा झाला की पडद्यावर रंगीत कागदांचा पाऊस पाडायची सोय ठेवली होती. मॅसॅच्युसेट्सच्या नियामकाने डिसेंबर २०२० मध्ये तक्रार केली की हे नवख्यांना खेळासारखं सौदे करायला लावणं आहे. मार्च २०२१ मध्ये कंपनीने तो पाऊस काढून टाकला आणि जानेवारी २०२४ मध्ये ७५ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं.

पण मला स्वतःला तो कागदांचा पाऊस तितका घातक कधी वाटला नाही, तो निदान डोळ्यांना दिसतो. घातक असते ती यादी. ‘आज सर्वात जास्त हललेले’. रॉबिनहूडच्या ग्राहकांवरच अमेरिकी प्राध्यापकांनी अभ्यास केला. एखाद्या दिवशी ज्या शेअरवर या ग्राहकांची सर्वात जास्त झुंबड उडाली, तो पुढच्या वीस दिवसांत बाजाराच्या तुलनेत सरासरी ४.७ टक्के मागे पडला. सगळे एकाच दिवशी एकाच दारातून घुसले की चढा भाव तेच देतात.

पडद्यामागची

कॅनडातल्या ऑन्टारियोच्या नियामकाने २०२२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. खोट्या बाजारात लोकांना सौदे करायला दिले. काहींना सौद्यामागे गुण दिले, ज्या गुणांची किंमत जवळपास शून्य होती. त्या लोकांनी ३९ टक्के जास्त सौदे केले. पैसे नाहीत, बक्षीस नाही, नुसते गुण! हा आकडा वाचल्यापासून ‘प्रोग्रेस बार’ची मागणी आली की पोटात गोळा येतो. तर्कटराव, तुमचं शिस्तीचं म्हणणं मला इथे अपुरं वाटतं. त्या लोकांना कुणी बेशिस्त म्हणून निवडलं नव्हतं.

तर्कटराव

खोट्या पैशात मीही उडवीन. खऱ्या पैशाचं सांगा.

फोर्टचा_कारकून

खऱ्या पैशाचं सेबीने सांगितलंय. शेअरच्या इंट्राडेचा त्यांचा अभ्यास जुलै २०२४ चा, आकडे २०२२-२३ चे. दहातले सात तोट्यात. वर्षात ५०० हून जास्त सौदे करणाऱ्यांत दहातले आठ. आणि तोट्यातल्यांचा जितका तोटा, त्यावर आणखी ५७ टक्के नुसता खर्च. जास्त सौद्यांनी हात बसत असता तर दुसरा आकडा पहिल्यापेक्षा कमी निघायला हवा होता.

मांजराकाठ

लातूर, इंजिनिअरिंग शेवटचं वर्ष. तुम्ही सगळे इंट्राडेचं बोलताय, आमच्या होस्टेलवर इंट्राडे कुणी करत नाही. निफ्टीचे वीकली ऑप्शन, तेही एक्सपायरीच्या दिवशी, कारण तेव्हा प्रीमियम स्वस्त असतो. लॉगिन केलं की ‘दहापैकी नऊ जण तोट्यात’ अशी पाटी येते. ती कुणी वाचत नाही, ‘समजले’ दाबायचं आणि पुढे. माझं सध्या प्लसमध्ये आहे. नवख्याने ऑप्शनने सुरुवात केली तर रिस्क उलट कमी नाही का? प्रीमियम गेला तर गेला, त्याहून जास्त जात नाही.

फोर्टचा_कारकून

बाळा, विकत घेतलेल्या ऑप्शनमध्ये प्रीमियमपेक्षा जास्त जात नाही हे खरं. पण तो पूर्ण जातो, आणि एक्सपायरीच्या दिवशी दुपारपर्यंत जातो. शेअर दहा टक्के पडला तर ९० टक्के रक्कम हातात राहते, थांबता येतं. इथे थांबायला उद्या नसतो. प्रीमियम स्वस्त आहे तो याचसाठी, की त्याच्याकडे काही तासच उरलेत. आणि ‘गेला तर गेला’ म्हणत माणूस त्याच दिवशी पुन्हा घेतो. रक्कम छोटी म्हणून वेळा वाढतात.

ती पाटी जुलै २०२३ पासून सक्तीची आहे. पुढच्या अभ्यासात सेबीला २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ, म्हणजे फ्युचर आणि ऑप्शन, करणारे एक कोटीहून जास्त लोक दिसले, त्यातले ९३ टक्के तोट्यात, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. त्यानंतर नोव्हेंबर २०२४ पासून प्रत्येक एक्स्चेंजला एकाच निर्देशांकाची वीकली एक्सपायरी ठेवायची परवानगी राहिली. पाटीने काम भागलं असतं तर एवढं करावं लागलं नसतं.

तू प्लसमध्ये आहेस ते पडद्यावर की टॅक्स पीएनएलमध्ये? अ‍ॅपच्या रिपोर्टमध्ये जा, एक एप्रिलपासूनचा काढ, सगळे चार्जेस धरून. मग सांग.

मांजराकाठ

बघतो काका.

सीए_पण_मवाळ

मधेच तोंड घालते. सांजवात, तुम्ही पगारदार आहात म्हणून सांगते. चुकून एक जरी इंट्राडे सौदा झाला तरी तो भांडवली नफ्यात येत नाही, सट्ट्याच्या धंद्याचं उत्पन्न धरतात. मग नेहमीचा आयटीआर-१ चालत नाही, साधारणपणे आयटीआर-३ भरावा लागतो. तोटा झाला तर तो पगारातून वजा होत नाही, फक्त सट्ट्याच्याच नफ्यातून, तोही पुढची चार वर्षंच. दरवर्षी जुलैत लोक येतात, सत्तर रुपयांच्या इंट्राडे नफ्यासाठी मोठा फॉर्म. आधीच निवडलेल्या त्या पर्यायाची ही किंमत अ‍ॅपवर कुठे लिहिलेली नसते.

सांजवात

बाप रे, हे माहीतच नव्हतं. आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू या का? अ‍ॅप लावून कसं ठेवू?

पडद्यामागची

आधी निरोप. अ‍ॅपच्या आतल्या सेटिंगवर विसंबू नका, तिथे ‘ऑफर’ बंद केलं तरी ‘मार्केट अपडेट’ चालू राहतात आणि नवा प्रकार आला की तो चालूच येतो. फोनच्या सेटिंगमधून अ‍ॅपचे सगळेच नोटिफिकेशन बंद करा. लोकांना भीती वाटते की खात्यात कुणी गडबड केली तर कळणार कसं. कळतं. एक्स्चेंज तुम्हाला सौद्याचा एसएमएस आणि ईमेल स्वतंत्रपणे पाठवतं, शेअर खात्यातून गेले की डिपॉझिटरीचा एसएमएस येतो. ते दलालाच्या हातात नसतं. फक्त मोबाइल नंबर आणि ईमेल बरोबर नोंदलेत ना, ते बघून घ्या.

मग ऑर्डरचं पान. बऱ्याच अ‍ॅपमध्ये डिलिव्हरी हा कायमचा पर्याय ठेवता येतो, काही अ‍ॅप मागच्या वेळचा लक्षात ठेवतात. तेवढं एकदा करा. ‘एफ अँड ओ चालू करा’ अशी पट्टी येत राहील. ती चालू करायला उत्पन्नाचा पुरावा द्यावा लागतो, तो देऊच नका. एवढी सोपी कडी दुसरी नाही.

फोर्टचा_कारकून

माझी भर. बाजार चालू असताना ऑर्डर टाकूच नका. रात्री जेवण झाल्यावर ठरवा, आफ्टर मार्केट ऑर्डर टाका, लिमिट भावाने. सकाळी त्या भावात मिळाला तर मिळाला. हलता आकडा समोर नसला की माणूस वेगळ्या डोक्याने विचार करतो. विकायचं असेल तर जीटीटी, म्हणजे ठरल्या भावाची आगाऊ सूचना, लावून ठेवा, भाव आला की ऑर्डर जाते. टॉप गेनरच्या यादीतला शेअर अप्पर सर्किटला, म्हणजे दिवसाच्या कमाल मर्यादेच्या भावाला, असेल तर घ्यायची ऑर्डर बहुधा लागतच नाही, कारण विकणारा कुणी नसतो. आणि सर्किट सुटल्यावर लागली, तर का सुटलं हा प्रश्न स्वतःला विचारा.

दुसरं, पडून असलेला पैसा. अ‍ॅपमध्ये ‘उपलब्ध शिल्लक १८,०००’ दिसली की ती कुठेतरी लावावीशी वाटते. सेबीच्या नियमाने दलालाला ग्राहकाची न वापरलेली रक्कम ठरावीक मुदतीने बँकेत परत करावी लागते. मुदत महिन्याची की तिमाहीची, हे ग्राहकाने निवडायचं. महिना निवडा. आणि शेअर ठरल्यावरच, लागतील तेवढेच पैसे टाका.

एडिसनकर

झेरोधाच्या ‘किल स्विच’बद्दल वाचलं होतं. त्याचा उपयोग नाही का होणार?

फोर्टचा_कारकून

चांगला आहे, पण सांजवातबाईंच्या कामाचा नाही. तो सेगमेंटवार, म्हणजे इक्विटी, एफ अँड ओ असा वेगवेगळा चालतो, आणि बंद केलेला सेगमेंट बारा तासांनी पुन्हा चालू करता येतो. इक्विटी बंद केली तर इंट्राडेबरोबर डिलिव्हरीही बंद. एका वाईट दिवशी पुढचा सौदा टाळायला उत्तम, विशेषतः मांजराकाठसारख्यांना. याहून कडक हवं तर खातं स्वतःहून गोठवायची सोय जुलै २०२४ पासून सगळ्या दलालांना द्यावी लागते. ते पुन्हा उघडायला रीतसर विनंती करावी लागते.

तर्कटराव

एवढ्या कड्या-कुलपं लावण्यापेक्षा अ‍ॅपच काढून टाका. महिन्यातून एकदा लॅपटॉपवर लॉगिन. झालं.

पडद्यामागची

पहिल्यांदाच तुमच्याशी पूर्ण सहमत.

कोकणमेवा

थोडं उलटं बोलते. मला एसआयपी सुरू करायला अ‍ॅपच्या निरोपानेच लावलं. ‘हप्ता उद्या जाईल, खात्यात पैसे ठेवा’ हा निरोप नसता तर माझे निम्मे हप्ते चुकले असते. पडद्यामागची यांनी सगळेच बंद करायला सांगितले, त्यात हाही गेला.

पडद्यामागची

खरंय. बँकेचा स्वतःचा एसएमएस येतो, पण तो बहुधा पैसे गेल्यावर. अँड्रॉइडवर निरोप आल्यावर दाबून धरला तर तेवढाच प्रकार बंद करता येतो, एसआयपीचा राहू देता येतो, पण अ‍ॅपने प्रकार प्रामाणिकपणे वेगळे केले असतील तरच. मी एसआयपीच्या निरोपातच खाली ‘आजचे टॉप फंड’ चिकटवलेलं पाहिलंय. त्याला उत्तर माझ्याकडे नाही.

सांजवात

मी सगळे बंद केले आणि एसआयपीच्या आदल्या दिवशीचा गजर फोनच्या कॅलेंडरमध्ये लावला. एफ अँड ओची पट्टी तशीच आहे, राहू दे. मुदत तिमाही होती, महिन्याची केली. ती ‘प्रोफाइल’च्या आत तीन पानं खोल सापडली. वॉचलिस्ट मात्र पुसवत नाही. बारा नावं आहेत, अभ्यास करून टाकलेली. ठेवू की नको?

तर्कटराव

ठेवा की. नुसतं बघायला पैसे पडत नाहीत.

फोर्टचा_कारकून

ठेवा, पण वहीत. नावासमोर तारीख, कोणत्या भावाला घ्याल, आणि का.

मांजराकाठ

काका, रिपोर्ट काढला. पडद्यावर प्लस ६,२००. चार्जेस धरून मायनस ३,९००. ऑर्डरची संख्या इथे लिहीत नाही. किल स्विचला बारा तासांऐवजी जास्त मुदत देता येते का?

फोर्टचा_कारकून

किल स्विचला नाही. तू खातं गोठवायचा अर्ज कर. त्याआधी उघडे सौदे बंद कर आणि शिल्लक बँकेत काढून घे. रविवारी फोन कर, नंबर व्यनि करतो.